‘अंदाजाने घाल’ म्हणजे किती? मावशीच्या व्हॉइस नोटवरून बिरड्याची कृती लिहिताना

बोलून सांगितलेली कृती कागदावर उतरवताना ऐकलं तसं लिहून काढलं की काम झालं, असं वाटतं. ते लिहिलेलं घेऊन दुसऱ्या कुणी स्वयंपाक केला की चूक कळते. सांगणारी बाई ओट्याशी उभी असते, तिच्या हाताला सगळं माहीत असतं. त्यामुळे तोंडून येतं ते निम्मंच, आणि त्यातले आकडे तर सवयीने आलेले असतात. ‘दोन मिनिटं परत’ हे वाक्य वेळ सांगत नाही, ‘घाई करू नकोस पण जाऊही नकोस’ एवढंच सांगतं.

इथे वालाचं बिरडं उदाहरण म्हणून घेतलं आहे. या पदार्थात नोंदीच्या बहुतेक अडचणी एकत्र भेटतात. समजा दादरला राहणाऱ्या मावशीने रविवारी सकाळी स्वयंपाक करता करता भाचीला चार व्हॉइस नोट पाठवल्या आहेत. भाचीला त्यावरून अशी कृती लिहायची आहे की मावशी शेजारी नसतानाही बिरडं तसंच व्हावं.

आधी ऐका, लिहा, पण दुरुस्त करू नका

पहिल्या फेरीत नोट साध्या वेगाने, कानात हेडफोन घालून ऐका. दीडपट किंवा दुप्पट वेग वेळ वाचवतो, पण पुढे आपल्याला आवाजांवरूनच मिनिटं मोजायची आहेत. वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात नोटमधली वेळ, दुसऱ्यात मावशीचे शब्द जसेच्या तसे, तिसऱ्यात मागचे आवाज. मोहरी तडतडली, चमचा डब्यावर आपटला, नळ सुरू झाला, झाकण पडलं, गॅसचं बटण फिरलं, असं सगळं.

शब्द बदलू नका हे मुद्दाम सांगायला हवं, कारण हात आपोआप बदलतो. मावशी म्हणते ‘तिखट घाल’ आणि आपण लिहितो ‘लाल तिखट, १ चमचा’. पण त्या घरात ‘तिखट’ म्हणजे नुसती मिरचीपूड की वर्षाचा करून ठेवलेला घरचा मसाला, हे नोटमध्ये नाही. ‘खोबरं’ ओलं की सुकं, ‘जिरं’ कच्चं की भाजलेलं, याचंही तेच. अशा प्रत्येक शब्दाला गोल करून ठेवा, उत्तर नंतर शोधू.

बिरड्याच्या नोटमध्ये हमखास फसवणारं वाक्य म्हणजे ‘वरचं पाणी घाल’. ज्याने हे कधी पाहिलं नाही तो माणूस ‘वरून पाणी घाल’ असं लिहितो. खरं तर कढईवर झाकण म्हणून खोलगट ताट ठेवतात आणि त्या ताटात पाणी ओततात. खालच्या वाफेने ते तापतं आणि लागेल तसं तेच गरम पाणी वालात घालायचं असतं. नळाचं गार पाणी ओतलं तर शिजणं थांबतं, परत उकळी यायला वेळ जातो आणि वाल टचटचीत राहतात. तिसऱ्या रकान्यात ताट ठेवल्याचा खणखणाट आणि लगेच पाणी ओतल्याचा आवाज टिपलेला असेल, तर या वाक्याचा अर्थ तिथेच उलगडतो.

जे रेकॉर्डिंगमध्ये नाहीच

मावशीची पहिली नोट फोडणीपासून सुरू होते. बिरडं मात्र त्याच्या दीड दिवस आधी सुरू झालेलं असतं. वाल रात्री भिजवले, सकाळी उपसून फडक्यात बांधले, मोड आले, कोमट पाण्यात टाकून सोलले. यातलं काहीच आवाजात नाही, कारण तिच्या लेखी तो स्वयंपाक नाहीच, ती ‘तयारी’. कुठल्याही पदार्थाची नोट ऐकताना प्रत्येक जिन्नस कढईत पडला तेव्हा कुठल्या अवस्थेत होता ते लिहा आणि तिथून उलटं मागे जा. सोललेला वाल म्हणजे मोड आलेला होता, म्हणजे भिजवलेला होता. वाटण म्हणजे नारळ खवला होता, मिक्सर लागला होता, पाणी पडलं होतं.

मोड यायला लागणारा वेळ ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून नोट कधीची आहे ते बघा. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉइस नोटच्या फाइलच्या नावात तारीख असते. उदाहरणार्थ,

```
PTT-20240616-WA0009.opus
```

म्हणजे १६ जून २०२४. मुंबईत जूनच्या उकाड्यात फडक्यात बांधलेल्या वालांना दहा-बारा तासांत मोड दिसू लागतात. त्याच वालांना जानेवारीत अठरा-वीस तास लागू शकतात. कृतीत ‘१२ तास’ असा एकच आकडा लिहिला तर थंडीत करणारा माणूस मोड येण्याआधीच सोलायला बसेल आणि सालं निघता निघणार नाहीत. ‘उन्हाळ्या-पावसाळ्यात १०–१२ तास, थंडीत १८–२०, मोड साधारण अर्धा सेंटिमीटर दिसेपर्यंत’ असं लिहा.

दोन वाट्या, पण कशाच्या?

पहिल्या नोटमध्ये मावशी म्हणते, ‘दोन वाट्या वाल घेतलेत.’ सगळ्या कृतीचं गणित या वाक्यावर उभं आहे, आणि नेमकं हेच धूसर आहे.

आधी वाटी मोजू. मावशीची वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. समजा १७० आले. तिच्या घरी जाणं होणार नसेल, तर तिलाच वाटीत मावेल तेवढं पाणी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीत ओतायला सांगा. किती वाट्यांनी पिशवी भरते यावरून कामापुरता अंदाज येतो.

अशा वाटीत कोरडे वाल साधारण १३०–१४० ग्रॅम मावतात. भिजून, मोड येऊन, सालं निघाल्यावर त्यांचं वजन दुपटीच्या थोडं खाली येतं, म्हणजे २३०–२५० ग्रॅम, आणि ते जवळपास दोन वाट्या भरतात. तर ‘दोन वाट्या वाल’ कोरडे असतील तर कढईत साधारण पाचशे ग्रॅम बिरडं पडतं, आणि सोललेले असतील तर त्याच्या निम्मं. इथे चूक झाली तर मीठ, पाणी, नारळ सगळंच दुपटीने हुकतं.

उत्तर शोधायला नोटमधलेच बाकीचे आकडे कामाला येतात. मावशीने एक मध्यम कांदा, अर्धी वाटी ओला नारळ आणि चार आमसुलं सांगितली आहेत. शिवाय ‘आम्हा चौघांना दुपारी पुरतं’ असंही बोलता बोलता म्हणून गेली आहे. पाचशे ग्रॅम बिरड्याला एवढा नारळ अगदीच तुटपुंजा पडेल, आणि चौघांनी एका जेवणात ते संपवणंही कठीण. अडीचशे ग्रॅमला हे सगळं नीट बसतं. म्हणजे सोललेले. दादरच्या मंडईत सोललेले वाल तयार मिळतात, तेव्हा ती तेच आणत असण्याचीही शक्यता आहे. तरी हा प्रश्न फोनवर विचारायच्या यादीत पहिला ठेवा.

चमचा, पळी आणि सुपारीएवढा गूळ

मिसळणाच्या डब्यातला चमचा अनेकदा चहाच्या चमच्याच्या निम्माच असतो. म्हणून ‘एक चमचा हळद’ ऐकलं की तिसरा रकाना बघा. डबा उघडल्याचा आवाज आहे का? असेल तर तो छोटा चमचा. मीठ बहुतेक वेगळ्या बरणीतून येतं, त्यात दुसराच चमचा असतो.

पळी, डाव, चमचे, सगळं वाटीसारखंच पाण्याने मोजता येतं. फोडणीची पळी २० मिलिलिटरची निघाली तर ‘दोन पळ्या तेल’ म्हणजे ४० मिलिलिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वजनात ते ३६–३७ ग्रॅम भरेल. चिमटीत मावणाऱ्या हिंगासाठी साधा काटा उपयोगाचा नाही, एवढं कमी वजन तो दाखवतच नाही. दहा चिमटी एकत्र काट्यावर टाका आणि दहाने भागा.

फळांच्या मापांना हसू नका, ती बरीच नेमकी असतात. सुपारीएवढा गूळ काट्यावर १२–१५ ग्रॅम भरतो, तर लिंबाएवढा ४० ग्रॅमच्या आसपास. मावशी ‘सुपारीएवढा’ म्हणाली आणि आपण ‘थोडा गूळ’ लिहिलं, तर उलट माहिती गमावली.

मिठाचा अंदाज तयार पदार्थाच्या वजनावरून पडताळता येतो. रस्सा किंवा उसळ मापात खारी लागते तेव्हा मीठ साधारणपणे एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. आपलं बिरडं वाल, कांदा, तेल, वाटण, पाणी धरून आणि वाफेने उडालेलं वजा करून ७०० ग्रॅमच्या घरात जाईल, म्हणजे मीठ ७ ग्रॅम. मावशी म्हणते ‘एक चमचा, भरून’. चहाचा चमचा सपाट भरला तर बारीक मीठ ६ ग्रॅम, शीग लावून भरला तर ८-९. दोन्ही वाटांनी आलेले आकडे जवळ जवळ आहेत, म्हणून ६ ग्रॅमने सुरुवात करून शेवटी चाखून वाढवा. हिशेबाने ३ आणि बोलण्यातून ९ आले असते, तर कुठल्या तरी मापाचा अर्थ आपण चुकीचा लावला आहे असं समजायचं.

पाण्याचं ‘वाल जेमतेम बुडतील इतकं’ हे माप भांड्यावर अवलंबून आहे. १८ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट पातेल्यात एक सेंटिमीटर उंचीचं पाणी अडीचशे मिलिलिटर होतं, आणि २४ सेंटिमीटरच्या पातेल्यात साडेचारशे. म्हणून भांड्याचा व्यास लिहिल्याशिवाय पाण्याचं माप अर्धवटच राहतं. कढई गोल असल्यामुळे तिथे सूत्र लावत बसू नका. सोललेले वाल कढईत घाला, मापाच्या भांड्याने पाणी ओतत जा आणि ‘जेमतेम बुडले’ की आकडा लिहा.

मिनिटं कशी काढायची

चार तुकड्यांत आलेल्या नोट ही खरं तर पर्वणी आहे. मधली शांतताही मोजता येते. व्हॉट्सॅप प्रत्येक नोटखाली पाठवल्याची वेळ दाखवतं. नोट बोलून संपली की ती पाठवली जाते, म्हणून त्या वेळेतून नोटची लांबी वजा केली की ती कधी सुरू झाली ते मिळतं. आपल्या चार नोट अशा आहेत:

पहिली ११:०२ ला आली, लांबी १:४८, म्हणजे सुरुवात ११:०० ला. कांदा ५५व्या सेकंदाला पडतो, म्हणजे ११:०१.

दुसरी ११:०९ ला, लांबी ०:५२, सुरुवात ११:०८. पहिलंच वाक्य ‘कांदा झाला बघ, आता वाल’. म्हणजे कांदा सात मिनिटं परतला गेला. मावशीने सांगितलं होतं ‘दोन मिनिटं’! नोटच्या शेवटी ताट ठेवल्याचा खणखणाट आहे, म्हणजे झाकण ११:०९ ला.

तिसरी ११:२४ ला, लांबी १:१५, सुरुवात साधारण ११:२३. ‘दाबून बघितले, मऊ झालेत’, आणि लगेच आमसुलं, गूळ, वाटण. झाकणाखाली वाल चौदा मिनिटं शिजले. तिच्या शब्दांत ‘पाच-दहा मिनिटं’.

चौथी ११:३१ ला, लांबी ०:३८, सुरुवात ११:३० ला. त्यातच गॅस बंद केल्याची ‘टक’ ऐकू येते. आमसुलं पडल्यापासून सात मिनिटं.

ही मिनिटं एखाद्या मिनिटाने इकडेतिकडे असणार, कारण पडद्यावर सेकंद दिसत नाहीत. त्यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. नोट मावशीने थेट न पाठवता कुणी पुढे ढकललेली असेल, तर खाली दिसते ती ढकलल्याची वेळ. ग्रुपमध्ये एकाच मिनिटात ओळीने चारही नोट आल्या असतील तर त्या नक्कीच ढकललेल्या आहेत. मूळ ज्याच्याकडे आल्या त्याच्या फोनवरच्या वेळा मागवा.

सगळं एकाच लांब रेकॉर्डिंगमध्ये असेल तर आवाजच घड्याळ होतो. मोहरीची तडतड मंदावणं ही हिंग-हळदीची खूण. कांद्याचा आवाज सुरुवातीला मोठा आणि ओलसर असतो, पाणी उडत गेलं की तो बारीक होत जातो. वाल पडले की आवाज एकदम दबतो. रेकॉर्डिंग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलेलं असेल तर मागच्या पंख्याची किंवा टीव्हीची घरघर त्या जागी तुटते. तिथे ‘इथे वेळ गायब’ अशी खूण करा आणि ते अंतर आपल्या मनाने भरू नका.

फोनवर काय विचारायचं

‘मावशी, मीठ किती घालतेस?’ असं विचारलं तर ‘अगं, अंदाजाने’ हेच उत्तर येणार. दोन पर्याय देऊन विचारा, आणि पाचेक प्रश्नांवर थांबा. ‘त्या दोन वाट्या कोरड्या वालाच्या की सोललेल्या?’ ‘तिखट म्हणजे नुसती मिरचीपूड की आपला मसाला?’ ‘वाटणात जिरं कच्चंच ना?’ ‘कुठल्या कढईत केलंस, त्या काळ्या की स्टीलच्या?’ ‘झाकल्यावर गॅस बारीक केलास की मध्यमच?’ असे प्रश्न ऐकले की तिला ओटा दिसतो आणि न विचारलेलंही ती सांगून जाते.

करून बघताना

पहिल्यांदा पूर्ण मापानेच करा. निम्म्या मापात कांदा लवकर होतो, पाणी जास्त उडतं, वालाला मात्र तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे वेळांची पडताळणी होत नाही. रिकाम्या कढईचं वजन आधी टिपून ठेवा, म्हणजे शेवटी बिरडं किती झालं ते कळेल. मीठ-मसाल्याचे डबे आधी आणि नंतर काट्यावर ठेवले की घातलेलं नेमकं वजन मिळतं, चमच्याच्या शिगेवर वाद उरत नाही.

वाल चौदा मिनिटांत शिजले नाहीत तर लगेच मावशीच्या वेळेला दोष देऊ नका. आमसुलं आधी पडली का ते बघा. आंबट पदार्थात कडधान्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात आणि दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो. मावशी वाल दाबून बघते आणि मगच आमसुलं टाकते ते यासाठी, जरी ती हे कारण बोलून दाखवत नसली तरी. दुसरं कारण पाणी. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं सौम्य पाणी मिळतं. भाचीच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे तेच वाल वीस-पंचवीस मिनिटं घेऊ शकतात. तेव्हा भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी वापरून पुन्हा बघा.

उलट, वाल फुटून पीठ झालं तर ढवळणं जास्त झालं किंवा गॅस मोठा होता. बिरडं शिजताना हलवायचं ते कढईचे कान धरून किंवा उलथन्याने कडेने. कडवटपणा जास्त वाटला तर भिजवलेलं पाणी टाकून दिलं होतं का ते आठवा. जूनच्या दमटपणात फडक्यातल्या वालांना आंबूस वास येत असेल तर तो दोष मोडांचा आहे, कृतीचा नाही. दर खेपेला एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

कागदावर

जिन्नस वापरायच्या क्रमाने लिहा, अवस्थेसकट. काट्यावर मोजलेला आकडा नुसता लिहा आणि अंदाजाने काढलेल्याच्या पुढे ‘अं.’ लिहा. वेळ लिहिताना शेजारी खूणही द्या. ती शक्यतो मावशीच्याच शब्दांत असू द्या. दोन खेपांनंतर हे पान असं दिसेल:

वालाचं बिरडं, चौघांना. २४ सेंटिमीटरची लोखंडी कढई, खोलगट ताट.

कडवे वाल, कोरडे १३५ ग्रॅम (सोलल्यावर २४० ग्रॅम, दोन वाट्या). तेल ४० मिलिलिटर. मोहरी अर्धा चहाचा चमचा (अं.). हिंग दोन चिमटी. हळद मिसळणातला एक चमचा. कांदा एक, बारीक चिरून, १०० ग्रॅम. लाल तिखट एक चहाचा चमचा. मीठ ७ ग्रॅम. आमसुलं चार. गूळ सुपारीएवढा, १४ ग्रॅम. वाटण: ओला नारळ अर्धी वाटी, कच्चं जिरं अर्धा चहाचा चमचा (अं.), पाणी ६० मिलिलिटर. कोथिंबीर मूठभर.

शुक्रवारी रात्री वाल भरपूर पाण्यात भिजवा. शनिवारी सकाळी पाणी टाकून फडक्यात बांधा. जूनमध्ये रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत रविवार सकाळ उजाडते. कोमट पाण्यात १५ मिनिटं ठेवून सोला, त्याला अर्धा तास धरा.

मध्यम गॅसवर तेल, मोहरी. तडतड मंदावली की हिंग, हळद. कांदा ७ मिनिटं, ‘कडा लाल नकोत, नुसता मऊ’. तिखट घालून लगेच वाल आणि १५० मिलिलिटर गरम पाणी. ताट झाका, ताटात २०० मिलिलिटर पाणी. गॅस बारीक, १४ मिनिटं. मध्ये एकदा ‘वरचं पाणी’ निम्मं घाला. वाल बोटाने दाबला की दोन भाग व्हावेत, पीठ होऊ नये. आता मीठ, आमसुलं, गूळ, वाटण आणि ताटातलं उरलेलं पाणी. झाकण न ठेवता ७ मिनिटं, ‘खदखदू द्यायचं नाही, नुसतं हसलं पाहिजे’. मोठ्या उकळीने नारळ फुटतो आणि रस चोथापाणी होतो. गॅस बंद करून कोथिंबीर.

पानाच्या खाली रेकॉर्डिंगची तारीख, कितव्या खेपेचं लिखाण आणि कुठल्या पाण्यावर केलं ते टाका. मूळ नोट फोनमधून काढून दुसरीकडेही ठेवा. पुढे कधी मावशीच ‘मी कुठे कांदा सात मिनिटं परतते?’ म्हणाली, तर ५५व्या सेकंदापासून ऐकवता येईल.